एमएस असताना ताकदीचा व्यायाम: सत्र कुठे थांबवायचं ते कसं ठरवावं

मल्टिपल स्क्लेरॉसिसचं निदान झालं आहे, सध्या आजाराचा झटका (रिलॅप्स) चालू नाही, स्वतःच्या पायांनी किंवा काठी घेऊन घरात फिरता येतं आणि आता स्नायूंची ताकद वाढवायची आहे, अशांसाठी हे मार्गदर्शन आहे. व्यायामाचे तक्ते कुठेही मिळतात. ते एमएसमध्ये का फसतात आणि कोणत्या मिनिटाला थांबायचं, हे मात्र त्यात नसतं. म्हणून इथे भर त्यावरच आहे.

आधी कारण समजून घ्या, म्हणजे पुढचे नियम पाठ करावे लागणार नाहीत. एमएसमध्ये मेंदू आणि मज्जारज्जूतल्या मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण खराब होतं. अशा उघड्या पडलेल्या तंतूतून संदेश कसाबसा पुढे जातो. तोच तंतू वारंवार वापरला की संदेश अडखळतो, आणि शरीर तापलं तरीही अडखळतो. शरीराचं आतलं तापमान अर्धा अंश सेल्सिअस वाढलं तरी काही जणांची नजर धूसर होते, पाय जड होतो, जीभ अडखळते. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी १८९० मध्ये व्यायामानंतर अशी नजर मंदावल्याचं नोंदवलं, म्हणून या प्रकाराला उथॉफचं नाव आहे. शरीर निवलं की लक्षणं मागे जातात. मायलिनचं नवं नुकसान त्यात होत नाही.

थोडक्यात, तुमचा सेट बऱ्याचदा स्नायू थकण्याआधी संदेशामुळे अडतो. ‘अजून दोन मारा, जमेल’ हा जिममधला सल्ला इथे चालत नाही तो यामुळेच. ताकदीच्या व्यायामाची एक जमेची बाजू अशी की तो तुकड्यातुकड्यांत होतो. अर्धा-पाऊण मिनिट काम, मग विश्रांती. सलग चालण्या-सायकलिंगपेक्षा त्यात शरीर कमी तापतं. उष्णता सोसत नाही अशा व्यक्तीने सुरुवात इथून करणं आम्हाला जास्त योग्य वाटतं.

## १. सुरू करण्याआधी काय जमवायचं

न्यूरोलॉजिस्टकडे आणि फिजिओथेरपिस्टकडे जाताना हे सोबत ठेवा:

- शेवटचा एमआरआय अहवाल आणि शेवटचा रिलॅप्स कधी झाला त्याची तारीख
- चालू औषधांची यादी, वेळांसकट
- पडण्याच्या घटना: कुठे, दिवसाच्या कोणत्या वेळी, काय करताना
- लघवीचा त्रास, बधिरपणा, नजरेचा त्रास यांची साधी नोंद

औषधांच्या वेळा मुद्दाम विचारा. स्नायूंचा ताठरपणा कमी करणारं बॅक्लोफेन घेत असाल, तर त्याचा परिणाम जास्त असताना पाय लुळे वाटू शकतात, आणि परिणाम ओसरल्यावर तेच पाय ताठ होतात. व्यायाम या दोन्हींच्या मधल्या वेळेत बसवायचा असतो. ती वेळ डॉक्टरांशी बोलून ठरवा. डोस स्वतः मागेपुढे करू नका.

मान पुढे वाकवल्यावर पाठीतून विजेसारखी झिणझिण जात असेल तर तेही फिजिओला सांगा. मग हनुवटी छातीकडे येईल असे प्रकार वगळले जातात.

साहित्य थोडंच लागतं: हात नसलेली, न सरकणारी, भिंतीला टेकवलेली खुर्ची, हलक्या आणि मध्यम ताणाचे रेझिस्टन्स बँड, एक-दोन किलोचे डंबेल, पंखा, पाण्याचा स्प्रे, टायमर, वही. हाताची पकड कमजोर असेल तर बँडला हँडल किंवा मनगटपट्टा लावून घ्या. नाहीतर पाठीचा व्यायाम पाठ थकण्याआधी बोटं सुटल्यामुळे संपतो.

## २. आठवडाभर नुसती नोंद

पहिल्या आठवड्यात व्यायाम करू नका. सकाळी उठल्यावर, दुपारी आणि संध्याकाळी थकव्याला ० ते १० पैकी एक आकडा द्या आणि लिहून ठेवा. बहुतेकांना सकाळ बरी जाते, कारण शरीराचं तापमान पहाटे सर्वांत कमी असतं आणि दुपारनंतर चढतं. पण सगळ्यांचं असंच असतं असं नाही. सकाळी पाय ताठ असणाऱ्यांना अकरा वाजता जास्त सोपं जातं.

आठवड्यातले दोन दिवस ठरवा, मध्ये किमान ४८ तासांचं अंतर ठेवा. ज्या दिवशी बाहेरची धावपळ किंवा लांब बैठक असते तो दिवस टाळा. रोजचा थकवा एकदम वाढल्यासारखा दिसला, तर व्यायाम आखण्याआधी झोप, मनाची उदासी आणि लघवीचा संसर्ग यांची तपासणी करून घ्या. यातलं काही असेल तर कितीही काटेकोर आखलेलं सत्र टिकत नाही.

## ३. तापायच्या आधीच थंड करा

खोली २० ते २२ अंशांच्या आसपास असेल तर उत्तम. तितकं शक्य नसेल तर दिवसाची सगळ्यात थंड वेळ निवडा आणि पंख्याचा झोत थेट अंगावर येईल असं बसा. हात, मान, चेहरा यांवर स्प्रेने पाणी मारा. एमएसमध्ये काहींना घाम कमी येतो. त्यांचं अंग पंख्याने पुरेसं निवत नाही, त्वचा ओली ठेवली तर निवतं. दमट हवेत मात्र पाणी लवकर उडत नाही. तिथे ओला टॉवेल थंड पाण्यात बुडवून पुन्हा पुन्हा बदलावा लागतो.

उष्णतेचा त्रास जास्त असेल तर सत्राआधी २० ते ३० मिनिटं कुलिंग व्हेस्ट घाला, किंवा सोसवेल इतक्या गार पाण्याने अंघोळ करा. सत्र चालू असताना दर विश्रांतीला थंड पाण्याचे दोन-तीन घोट घ्या. वारंवार लघवीला जावं लागतं म्हणून बरेच जण पाणीच कमी करतात. त्याने थकवा वाढतो आणि संसर्गाचा धोकाही वाढतो. त्यापेक्षा सत्राच्या लगेच आधी शौचालयात जाऊन या.

दोन धोके लक्षात ठेवा. बधिर त्वचेवर बर्फ किंवा जेलपॅक थेट ठेवला तर त्वचा भाजते आणि कळतही नाही, म्हणून मध्ये कापड हवंच. आणि पाय ताठ होत असतील तर थंडावा धडाला, मानेला द्या. पायांना गार लागलं की ताठरपणा वाढू शकतो.

सगळ्यात जास्त फसगत व्यायामानंतर होते. सत्र छान झालं म्हणून लगेच गरम पाण्याने अंघोळीला गेलात, की आधीच थोडं तापलेलं शरीर आणखी तापतं आणि पाय बाथरूममध्येच दगा देतात. अर्धा तास पंख्याखाली बसा. मग कोमट पाण्याने, स्टुलावर बसून अंघोळ करा.

## ४. पाच हालचाली पुरेत

सुरुवातीला एवढंच करा, या क्रमाने:

1. खुर्चीतून उठणं-बसणं, हात छातीवर. उठताना सावकाश, बसताना त्याहून सावकाश.
2. बसून गुडघा वर उचलणं, आधी कमजोर पाय, मग दुसरा.
3. बसून टाचा जमिनीवर ठेवून चवडे वर उचलणं.
4. बँड दारात किंवा खांबाला घट्ट अडकवून कोपर मागे ओढणं, खांदे खाली.
5. भिंतीला हात टेकून पुश-अप, किंवा बसून डंबेल छातीपासून पुढे ढकलणं.

उठणं-बसणं पहिलं ठेवायचं, कारण त्यात तोल लागतो आणि तोल थकल्यावर सगळ्यात आधी जातो. दुसरी आणि तिसरी हालचाल चालताना पाय फरफटणाऱ्यांसाठी महत्त्वाची आहे. मांडी पुरेशी उचलली गेली नाही किंवा चवडा वर आला नाही, की बोटं जमिनीला अडकतात.

एका पायाने करायच्या हालचालीत आवर्तनं कमजोर पाय ठरवतो. तो आठवर थांबला तर चांगल्या पायाचीही आठच. चांगल्या पायाला मोकाट सोडलं तर दोन्हींमधला फरक वाढत जातो, आणि अंगही उगाच तापतं.

## ५. वजन आणि आवर्तनं

१० ते १५ आवर्तनं होतील इतकं हलकं वजन किंवा बँड घ्या, पहिले दोन आठवडे प्रत्येकी एकच सेट. पण मोजायचा आकडा वेगळाच आहे. ‘आणखी तीन नीट जमली असती’ असं वाटेल तिथे सेट संपवा. ते तुमचं तुम्हाला कळत नसेल तर ही चिन्हं पाहा: वर जाण्याचा वेग मंदावणं, गुडघा थरथरणं किंवा आत वळणं, श्वास रोखला जाणं. श्वास रोखू नका, जोर लावताना सोडा.

दोन सेटमध्ये किमान ९० सेकंद, पाय खूप लवकर थकत असतील तर दोन ते चार मिनिटं विश्रांती घ्या. ती बसून घ्यायची. वेळ वाचावा म्हणून पायांचा सेट झाल्याबरोबर हातांचा सेट घेण्याची पद्धत जिममध्ये रूढ आहे. एमएसमध्ये त्यामुळे पाय निवांत राहिले तरी शरीर मात्र तापतच जातं.

## ६. सत्र किती मिनिटांचं?

सगळ्यांत नीट ठरवायची गोष्ट हीच आहे, आणि तिचं उत्तर तुमच्या शरीरातूनच मिळतं. प्रत्येकाचं एक ठरलेलं चिन्ह असतं, जे बाकी लक्षणांच्या आधी उमटतं: कुणाची एका डोळ्याची नजर फिकट होते, कुणाची बोटं झिणझिणतात, कुणाचा चवडा घासायला लागतो. पहिल्या दोन सत्रांत टायमर चालू ठेवा आणि ते चिन्ह कितव्या मिनिटाला दिसलं ते लिहा. दिसताक्षणी थांबा. दोन्ही सत्रांतला कमी आकडा घ्या आणि त्याचा तीन-चतुर्थांश करा. आमच्या मते ही सुरुवातीची मर्यादा ठेवावी. २५ मिनिटांपर्यंत काहीच दिसलं नाही तर २० मिनिटं धरा.

एक उदाहरण घेऊ. समजा ३६ वर्षांची एक बाई आहे, एमएस झटके येऊन ओसरणाऱ्या प्रकारचा. आधाराशिवाय चालते, उजवा पाय कमजोर आहे, काम बसून असतं, दुपारी दोनला थकवा ७ वर जातो. सकाळी नऊला तो ३ असतो, म्हणून मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी नऊ.

खुर्चीतून ती सलग १२ वेळा उठू शकते, पण नवव्या वेळेला उजवा गुडघा थरथरायला लागतो. म्हणून सेट सहाचा. इथे १० ते १५ चा नियम बाजूला ठेवायचा. थरथर हीच तिची मर्यादा आहे, आणि खुर्चीवर जाड उशी ठेवून उंची वाढवली तर तिलाही दहा जमतील. उशी ठेवणंच आम्ही पसंत करू.

पहिल्या सत्रात १८ व्या मिनिटाला पाण्याची बाटली आणायला उठल्यावर उजवा चवडा जमिनीला घासला. दुसऱ्या सत्रात २० व्या मिनिटाला. कमी आकडा १८, त्याचा तीन-चतुर्थांश साडेतेरा.

आता हिशेब करा. अंग मोकळं करायला तीन मिनिटं. पाच सेट, प्रत्येकी साधारण ४० सेकंद, म्हणजे सव्वातीन मिनिटांच्या आसपास. मधल्या चार विश्रांती ९० सेकंदांच्या, म्हणजे सहा मिनिटं. एकूण साधारण साडेबारा. मर्यादेत बसलं. (गुडघा उचलताना प्रत्येक पायाला वीस-वीस सेकंद धरली आहेत.)

तिसऱ्या आठवड्यात तिला बरं वाटतं आणि ती प्रत्येकी दोन सेट करायचं ठरवते. नवशिक्यांची घसरण हमखास इथेच होते. दहा सेट आणि नऊ विश्रांती मिळून सत्र २३ मिनिटांवर जातं. चवडा घासायला लागतो त्याच्याही पाच मिनिटं पुढे. वजन वाढवलेलंच नसतं, त्यामुळे ‘एवढ्याशा व्यायामाने पाय गेले’ असं वाटून ती तो सोडून देते.

यावर दोन उपाय आहेत. एक, दुसरा सेट सगळ्यांचा न वाढवता फक्त उठणं-बसणं आणि चवडे यांचा वाढवायचा. सात सेट, सहा विश्रांती, सुरुवातीची तीन मिनिटं धरून साधारण पावणेसतरा मिनिटं होतात. तिच्या साडेतेराच्या मर्यादेत तेही बसत नाही. म्हणून दुसरा उपाय: आधी थंडाव्याची सोय वाढवायची. सत्राआधी अर्धा तास कुलिंग व्हेस्ट, अंगावर पंखा, प्रत्येक विश्रांतीला गार पाणी. पुन्हा दोन सत्रं चाचणीची. चिन्ह २४ व्या मिनिटाला सरकलं तर मर्यादा १८ वर येते आणि सात सेट आरामात बसतात. थंडाव्याने चिन्ह सरकलंच नाही, तर तिला उष्णतेपेक्षा वापरामुळे होणारा थकवा जास्त नडतोय असं समजायचं. मग पाय आणि हात वेगवेगळ्या दिवशी करायचे.

पुढे जाऊन सत्र ३० ते ४० मिनिटांपर्यंत नेता येतं. त्यापेक्षा लांब नेण्यातून फारसं काही मिळत नाही.

## ७. जास्त झालं हे कसं ओळखायचं

सत्रानंतर थकवा वाढतोच. तो दोन तासांत सत्राआधीच्या आकड्याच्या जवळ यायला हवा. नाही आला, तर पुढचं सत्र एक-तृतीयांशाने कमी करा: आधी सेट कमी करा, विश्रांती कमी करू नका. दुसऱ्या दिवशी सकाळचा आकडा नेहमीपेक्षा दोनने वर असेल तरीही तेच.

स्नायू दुखणं ही वेगळी गोष्ट आहे. मांडी दाबली की दुखते, एक-दोन दिवसांत जाते. एमएसचा थकवा अंगभर जडपणा, डोकं सुन्न, बोलायला नको वाटणं असा येतो. दुखणं चालेल, तो जडपणा रेंगाळलेला चालणार नाही.

नजर धूसर झाली किंवा पाय लुळा पडला तर बसा, निवा. बहुतेकदा तासाभरात पूर्ववत होतं. एखादं नवं लक्षण, किंवा जुनं वाढलेलं लक्षण, ताप किंवा संसर्ग नसताना २४ तासांहून जास्त टिकलं तर न्यूरोलॉजिस्टला फोन करा. तो रिलॅप्स असू शकतो. ताप असेल त्या दिवशी सत्र करूच नका, हलकंसुद्धा नको.

## ८. चांगल्या आणि वाईट दिवसांचे वेगळे नियम

सत्राआधीचा थकवा ४ किंवा कमी असेल तर ठरलेलं सगळं करा. ५ किंवा ६ असेल तर तीच आवर्तनं, पण प्रत्येकी एकच सेट. ७ किंवा त्याच्या वर असेल तर फक्त अंग मोकळं करून थांबा, आणि ‘राहिलेलं’ सत्र दुसऱ्या दिवशी भरून काढू नका.

चांगल्या दिवसाचा नियम जास्त कडक आहे. खूप बरं वाटतंय म्हणून वजन किंवा सेट वाढवायचे नाहीत. वाढ फक्त वहीवरून: सलग चार सत्रं दोन तासांच्या कसोटीत बसली की एकच गोष्ट बदला. आधी आवर्तनं १५ पर्यंत, मग दुसरा सेट, मग बँडचा पुढचा ताण किंवा अर्धा-एक किलो. वजन वाढवलं की आवर्तनं पुन्हा १० वर आणा. आमच्या उदाहरणातल्या बाईने पहिल्यांदा उशी काढली तर तीच तिची वजनवाढ. त्या आठवड्यात बाकी काही बदलायचं नाही.

## ९. खंड पडल्यावर

दोन आठवड्यांपर्यंत खंड असेल तर वजन तेच ठेवून एका सेटपासून सुरू करा. रिलॅप्स होऊन स्टेरॉइड घ्यावे लागले असतील तर लक्षणं स्थिरावेपर्यंत थांबा आणि न्यूरोलॉजिस्टची परवानगी घ्या. मग पूर्वीच्या आकड्यांवर परत जाऊ नका. चिन्ह कितव्या मिनिटाला येतं त्याची चाचणी पुन्हा पहिल्यापासून दोन सत्रं करा, कारण रिलॅप्सनंतर ते मिनिट बदललेलं असू शकतं, आणि कधीकधी चिन्हही वेगळं असतं. हवामान बदललं की, विशेषतः उकाडा सुरू झाला की, हीच चाचणी करा.